नेसलेल्या साडीचे पैसे परत मागितले तर

साडीच्या दुकानात वापरलेला माल परत येतो तो बहुधा रंगाच्या तक्रारीपायी. समजा, लाल काठाची मोतिया सुती साडी ४,२०० रुपयांना विकली गेली. पिको-फॉल करून ती एका लग्नात नेसली, घरी पहिल्यांदा धुतली आणि काठाचा लाल रंग अंगावर उतरला. आठवड्याने गिऱ्हाईक साडी घेऊन येते आणि पूर्ण पैसे मागते. साडी वापरलेली आहे आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे, म्हणून बहुतेक दुकानदार तिथेच विषय संपवतात.

पण त्या छापील ओळीने विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. इथे सगळा भार ‘सदोष’ या शब्दावर आहे. रंग पसंत पडला नाही किंवा घरच्यांना आवडली नाही, हा दोष नव्हे. काठावरचे भोक दुकानातच दिसू शकले असते, त्याची तक्रार साडी नेसून झाल्यावर फारशी टिकत नाही. कच्चा रंग मात्र पाणी लागल्याशिवाय कळतच नाही. म्हणून साडी वापरली की नाही, यापेक्षा दोष न वापरता दिसला असता का, हे विचारणे योग्य.

ते ठरवायला ब्लाऊज पीस फार उपयोगी पडतो. तो त्याच साडीचा असतो आणि पुष्कळदा न शिवता, न धुता घरात पडून असतो. शिवून झाला असला तरी शिंप्याकडची काठाची कातरण चालते. पांढरा रुमाल ओला करून काठावर वीस-पंचवीस वेळा घासावा. रुमाल लाल झाला तर रंगच कच्चा होता, गिऱ्हाइकाने काहीही बिघडवलेले नाही. रुमाल पांढराच राहिला, तर तुकडा तासभर साध्या पाण्यात भिजवून पाहावा. तरीही रंग सुटला नाही, तर गरम पाणी, सोड्याची पावडर किंवा ब्लीच यांचा संशय घ्यायला जागा आहे.

चाचणीत रंग सुटला नाही आणि ‘गरम पाण्यात घालू नका’ असे विक्रीच्या वेळी सांगितले होते, तर नकार योग्य आहे. मात्र तो देताना रुमाल गिऱ्हाइकासमोरच घासलेला असावा, म्हणजे नकाराचे कारण त्याला डोळ्यांनी दिसते.

चाचणीत रंग सुटला, तर पैसे देणे हा उपकार नाही. पण किती द्यायचे? वस्तू विक्री कायदा, १९३० मध्ये याची दिशा मिळते. फॉल लावून नेसलेली, धुतलेली साडी गिऱ्हाइकाने स्वीकारली असे सामान्यतः धरले जाते. त्यानंतर माल नाकारता आला नाही, तरी दोषापोटी किंमत कमी करून मागता येते. साडी गडद रंगात रंगवून घेतली तर रोज नेसायला चालेल, पण समारंभाला नाही. रंगवण्याचा खर्च धरून तिची किंमत निम्मीच उरली असे दोघांना मान्य असेल, तर २,१०० रुपये परत देऊन साडी तिच्याकडेच राहू द्यावी. रंगवूनही ती नेसण्याजोगी होणार नसेल, तर अर्धे पैसे देऊन भागवणे अन्यायाचे आहे. तिथे पूर्ण रक्कमच द्यावी.

सद्भावनेची जागा या दोन्हींच्या मधली आहे. ब्लाऊज पीस उरलेला नाही, रुमालावर जेमतेम गुलाबी झाक आली आहे, साडी कशी धुतली याबद्दलही खात्री नाही. अशा वेळी १,००० रुपयांची पुढच्या खरेदीत वळती होणारी चिठ्ठी द्यावी. ४,२०० ची साडी दुकानाला २,९०० ला पडत असेल, तर त्याच नफ्याच्या मालावर या चिठ्ठीचा खरा खर्च सुमारे ६९० रुपये होतो. चिठ्ठीवर ‘दोष मान्य नाही, सद्भावनेने’ असे लिहावे. मात्र धुण्याची सूचना द्यायला विक्रेता स्वतःच विसरला असेल, तर हा शब्द वापरू नये. ती त्याची चूक आहे आणि भरपाई त्याच नावाने झाली पाहिजे.

जीएसटीच्या हिशोबातही हा भेद दिसतो. माल परत आला किंवा सदोष निघाला, तर क्रेडिट नोट काढून त्या रकमेवरचा कर कमी करता येतो. निव्वळ सद्भावनेने दिलेल्या रकमेला ती वाट नाही.

दोष पक्का ठरला, तर लाल झालेला रुमाल आणि काठाची कातरण बिलाच्या प्रतीसोबत ठेवावी, कारण घाऊक व्यापाऱ्याकडे भरपाई मागताना तोच पुरावा असतो. त्याच लॉटमधल्या उरलेल्या साड्यांची चाचणीही त्याच दिवशी करावी आणि तोवर त्या कपाटातून बाजूला काढून ठेवाव्यात.