फ्रिजच्या दारात दिसणारी खोली

चकचकीत स्टीलच्या फ्रिजवर समोरून दिवा रोखला, की दारावर पांढरा डाग उमटतो आणि कॅमेऱ्यासकट फोटोग्राफरही दिसतो. ते दार आरशासारखं समोरची खोलीच दाखवतं. म्हणून बाजूला फ्रिजपेक्षा उंच पांढरं कापड ताणून दिवा त्यामागे, एका कडेला ठेवतात. मग दारावरचा उजेड कडेपासून हळूहळू विरत जातो. काचेच्या दाराची चकाकी पोलरायझर फिल्टरने घटते. उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही.

कापड मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीच्याच बाजूला हवं. ओट्यावरच्या पातेल्याची सावली उजवीकडे पडते आणि फ्रिजवरचा उजेडही उजवीकडूनच येतो, असं झालं की फ्रिज मागाहून चिकटवलेला वाटतो. दुकानांच्या जाहिरातींत मला हेच सगळ्यात आधी खटकतं.