चालत चालत उलगडणारी गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीआधीची रात्र. वसतिगृहातील खोलीत मी लॅपटॉपवर एक खेळ खेळत बसलो होतो आणि माझा खोलीतला जोडीदार मागे उभा राहून पाहत होता. पडद्यावर एक रिकामे घर, बाहेर वादळी पाऊस, आणि मी एकेक खण उघडून आतले कागद वाचतो आहे. असा अर्धा तास गेल्यावर त्याला राहवेना. "अरे, मारामारी केव्हा सुरू होणार?" त्याने विचारले. यात मारामारी नाहीच, असे सांगताच तो म्हणाला, "मग यात खेळायचे काय?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

या जातीच्या खेळांना 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात. सिम्युलेटर म्हणजे एखाद्या क्रियेचे हुबेहूब अनुकरण करणारे यंत्र. विमान चालविण्याचा सराव वैमानिक अशाच यंत्रावर करतात. तेव्हा 'चालण्याचे सिम्युलेटर' हे नाव कुचेष्टेनेच पडले, हे उघड आहे. ज्यात नुसते चालायचे, तो कसला खेळ, असा त्यातला टोमणा. पुढे नाव रूढ झाले आणि टोमणा मागे पडला. या खेळांत आपण एखाद्या पात्राच्या डोळ्यांनी जग पाहतो, त्यात हिंडतो, वस्तू हाताळतो, आवाज ऐकतो. शत्रू नाही, गुण नाहीत, आणि बहुधा हरणेही नाही.

याची सुरुवात, गंमत म्हणजे, एका विद्यापीठात झाली. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक हे संशोधक होते. बंदूकबाजीच्या खेळातून बंदूक काढून घेतली तर मागे काय उरते, असा त्यांचा प्रश्न होता. 'हाफ-लाइफ २' या लढाईच्या खेळाचीच यंत्रणा वापरून त्यांनी २००८ साली 'डियर एस्थर' तयार केला आणि फुकट वाटला. २०१२ साली त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती विक्रीस आली. त्यात एक ओसाड स्कॉटिश बेट आहे. आपण चालत जातो आणि मृत पत्नीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे एका पुरुषाच्या आवाजात कानी पडतात. कोणत्या जागी कोणता तुकडा ऐकू येईल, हे काही अंशी यंत्र स्वतःच ठरवते. त्यामुळे दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत एक नसते. त्यात धावता येत नाही आणि कशाला हातही लावता येत नाही. खरे सांगायचे तर मला तो खेळ थोडा कंटाळवाणा वाटला. परंतु बंदूक काढूनही काही उरते, एवढे त्याने सिद्ध केले.

काय उरते, हे मात्र मला 'गॉन होम' या खेळाने शिकवले. अमेरिकेतील पोर्टलंड येथील फुलब्राइट या छोट्या मंडळीने तो २०१३ साली काढला. यातल्या काहींनी आधी 'बायोशॉक २' या लढाईच्या खेळाच्या एका पुरवणीवर काम केले होते. त्या मालिकेत चकमकींच्या मधल्या वेळात ध्वनिमुद्रित दैनंदिन्या सापडतात आणि त्यांतून कथानक कळते. यांनी चकमकी वगळल्या आणि मधला वेळ तेवढा ठेवला. (ज्यांना हा खेळ कोरेपणी खेळायचा आहे, त्यांनी पुढचे वाचू नये. गोष्ट फोडल्याखेरीज ती कशी रचली आहे, हे सांगता येत नाही.)

साल १९९५, जूनची ७ तारीख, मध्यरात्र उलटून गेलेली. केटी ग्रीनब्रायर ही तरुणी वर्षभर युरोपात हिंडून ओरेगन राज्यातील घरी परतते. घरात कोणी नाही. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची, चिठ्ठी आहे : मी भेटू शकत नाही, आणि मी कुठे गेले याचा शोध कृपा करून घेऊ नकोस. येथेच पहिली मेख आहे. पात्राला जे करू नको म्हणून विनविले आहे, तेच खेळणाऱ्याला करायचे आहे. दाराची किल्ली ओसरीवरच एका खेळण्यातल्या बदकाखाली सापडते. म्हणजे आत जाण्याआधीच आपण वस्तू उचलून पाहायला शिकतो, आणि तेही कोणी सूचना न देता.

दुसरी मेख याहून शहाणपणाची. केटी ही घरचीच मुलगी. मग तिला आपले घर ठाऊक कसे नाही? तर ती परदेशी असताना वडिलांना हे घर त्यांच्या ऑस्कर नावाच्या नातलगाकडून वारसाने मिळाले आणि कुटुंब येथे राहायला आले. त्यामुळे माणसे ओळखीची, पण भिंती अनोळखी, अशा अवस्थेत ती आहे, आणि आपणही. साल १९९५ निवडण्यामागेही हाच विचार आहे. हातोहाती मोबाइल आणि ई-मेल येण्यापूर्वीच्या त्या काळात माणसाचे आयुष्य कागदांवर, कॅसेटींवर आणि आन्सरिंग मशीनवर घरभर सांडलेले असे. तेच घर आजचे असते, तर सारा मजकूर एका कुलूपबंद फोनात राहिला असता.

आता लढाईचे काम येथे कोण करते ते पाहू. लढाईच्या खेळात शत्रू दोन कामे करतो : तो आपल्याला अडवतो आणि पुढे काय होणार याची धास्ती लावतो. 'गॉन होम'मध्ये अडवण्याचे काम घराची बांधणी करते. काही दारे बंद असतात. तळघर मध्यावर उघडते, माळा अगदी शेवटी. माळ्याच्या झडपेभोवती लाल दिव्यांची माळ लावलेली आहे आणि ती पुष्कळ आधी दिसते. शेवट कुठे आहे हे आपण अशा रीतीने अगोदरच पाहून ठेवतो. पण खरे कुलूप लाकडाला नाही, माहितीला आहे. भिंतींत चोरफळ्या आहेत. त्या पहिल्या क्षणापासून तेथेच असतात, फक्त त्या कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. खुणांचा कागद सापडला की त्या दिसू लागतात. साधारण दोन तासांचा हा खेळ जाणकार मनुष्य एका मिनिटाच्या आत संपवू शकतो, आणि तसे केल्यास खेळ स्वतःच त्याला एक बिल्ला देतो. गोष्ट ठाऊक असणे हीच येथली किल्ली होय.

धास्ती लावण्याचे काम आपले मनच करते. वीज कडाडते, दिवे फडफडतात, एका न्हाणीघरातील टबात लालभडक डाग दिसतात. आपण दचकतो. जवळची बाटली उचलून पाहावे तर तो केसांना लावायचा रंग. सॅमने तिची मैत्रीण लॉनी हिचे केस रंगविले होते. या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे, आईवडील ते मानायला तयार नाहीत, आणि लॉनी सैन्यात भरती व्हायला निघाली आहे, हे सॅमच्या आवाजातील दैनंदिनीतून तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. म्हणून माळ्याच्या शिडीपाशी पोचेपर्यंत भुताची भीती मावळलेली असते आणि तिच्या जागी दुसरी, खरीखुरी भीती आलेली असते. या मुलीने वर स्वतःचे काही बरेवाईट तर करून घेतले नाही ना? मी शिडीखाली बराच वेळ थांबलो होतो. कोणत्याही बंदूकबाजीत माझी छाती इतकी धडधडली नव्हती. वर फक्त एक वही आहे. लॉनी वाटेतच बसमधून उतरली आणि सॅम तिच्याकडे निघून गेली. दोघी सुखरूप आहेत. आतापर्यंत ऐकलेला आवाज याच वहीतला, केटीसाठी लिहिलेला, हेही तेथेच उमगते.

सॅमची गोष्ट आवाजात सांगितली आहे. वडिलांची मात्र कोणी सांगतच नाही, आणि माझ्या मते खेळातला सर्वोत्तम भाग तोच. टेरी हे पडलेले कादंबरीकार. त्यांच्या कादंबऱ्या १९६३ सालात परत जाऊन केनेडींचा खून टाळण्याविषयी आहेत. हेच साल घरात पुन्हा वेगळ्या जागी भेटते. ऑस्करची तिजोरी उघडली तर तिच्यात टेरीच्या आईला क्षमायाचना करणारे पत्र निघते. लहानपणी टेरीवर या घरात काय ओढवले असावे, आणि तो कादंबरीत त्याच सालाला का चिकटून आहे, हे तीन वस्तू शेजारी ठेवल्या तरच जुळते. न जुळवणाऱ्याला तो केवळ एक चिडखोर बाप वाटतो. कित्येकांना तो तसाच वाटत राहतो, आणि खेळ त्यांना अडवत नाही.

अर्थात हीच या पद्धतीची मर्यादाही आहे. खेळणारा कुठे पाहील, याची सक्ती करता येत नाही. करायला जावे तर सारे सांगून टाकावे लागते. सॅमची दैनंदिनी मधूनमधून तसेच करते. एखादी वस्तू उचलली की आवाज सुरू होतो आणि जे आपण आपले ताडले असते, ते ती समजावून सांगते. वाईट वॉकिंग सिम्युलेटर ओळखण्याची खूण हीच. त्यातल्या चिठ्ठ्या कोणी कोणाला लिहिलेल्या वाटत नाहीत, खेळणाऱ्यालाच लिहिलेल्या वाटतात. शिवाय दोन चिठ्ठ्यांमधील चालणे नुसतेच लांब असते, वाटेत विचार करावा असे काही नसते.

यापुढचे पाऊल 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' (२०१७) या खेळातील एका प्रसंगाने टाकले. लुईस नावाचा तरुण मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला आहे. एका हाताने आपण मासा ओढून पात्याखाली सरकवायचा, पुन्हा पुन्हा. त्याच वेळी दुसऱ्या हाताने त्याच्या मनोराज्यातील एका वीराला चालवायचे. ते मनोराज्य आधी पडद्याच्या कोपऱ्यात असते, मग वाढत वाढत सारा पडदा व्यापते, आणि मासे कापणारा हात आपल्या नकळत चालूच राहतो. देह एकीकडे, मन दुसरीकडे, ही त्याची अवस्था शब्दांनी सांगितलीच आहे, पण ती कळते ती आपल्याच दोन हातांना. मनोराज्यात राज्याभिषेकासाठी तो मान झुकवतो, तेव्हा खरी मान कुठे आहे हे लक्षात येऊन हात आपोआप थबकतो, आणि पुढे जाण्यासाठी तो आपल्यालाच हलवावा लागतो.

माझ्या जोडीदाराने अखेर 'गॉन होम' स्वतः खेळला. तो ज्या खोलीत शिरे तिथला दिवा लावी आणि तसाच ठेवून पुढे जाई. बहुतेक सगळे असेच करतात. खेळात एका जागी टेरीने सॅमसाठी लिहिलेली चिठ्ठी आहे : घरभर दिवे जळते ठेवतेस, अगदी बहिणीच्या वळणावर गेली आहेस. ती वाचून तो थबकला. मग मागे फिरून त्याने तीन खोल्यांतले दिवे मालवले.