रिसॉर्ट टाकायचं की रिसॉर्टच्या मागे जायचं? महाडच्या एका मॅनेजरचं सेक्टर बदलण्याचं गणित



मागच्या व्हिडिओनंतर एका दर्शकाचा फोन आला. महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत १९ वर्षं नोकरी, वय ४४. सुरुवात शिफ्ट केमिस्ट म्हणून, आता युटिलिटी आणि ईटीपी सांभाळणारे मॅनेजर. म्हणजे बॉयलर, कूलिंग टॉवर, पाणी आणि सांडपाणी असं सगळं त्यांच्याकडे. मुलगी दहावीला, घराचं कर्ज अजून ७ वर्षं बाकी. कंपनीत विस्तार थांबलाय, वरची जागा रिकामी होणार नाही. म्हणाले, "सर, सेक्टर बदलायचाय. पोलादपूरला हायवेजवळ वडिलांची जागा आहे. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात. रिसॉर्ट टाकतो."

मी त्यांना एकच विचारलं, "साहेब, आजपर्यंत एका तरी पाहुण्याला खोली विकलीत का?" ते गप्प झाले. मग मी म्हटलं, "रिसॉर्टच्या पुढच्या दाराचं तुम्हाला काही माहीत नाही. पण मागच्या बाजूला जे पाणी वाहत येतं, त्यातलं तुमच्याइतकं कळणारी माणसं या पट्ट्यात किती असतील?"

आजचा लेख याच प्रश्नावर आहे. नोकरीत १५-२० वर्षं घालवलेल्या माणसाने दुसरा उद्योग निवडायचा कसा? आपल्या कामाची मागणी कुठे आहे, हे ओळखायचं कसं?

आधी हुद्दा विसरा, दुखणं लिहा

बहुतेक जण कागदावर लिहितात: "प्रॉडक्शन मॅनेजमेंट, टीम हँडलिंग, कम्युनिकेशन." यातून उद्योग सापडत नाही, कारण हे सगळ्यांनाच येतं. तुम्ही असं लिहा: गेल्या वर्षभरात माझा फोन रात्री कशासाठी वाजला? मालक कशाला घाबरून मला शोधत होता?

आपल्या साहेबांनी लिहिलं तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एक, ईटीपीचं पाणी बिघडलं की ते ठिकाणावर आणणं. दोन, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, त्यातल्या अटी आणि वेळेवर भरायची विवरणं सांभाळणं. उदाहरणार्थ घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५ हे ३० सप्टेंबरपर्यंत. तीन, कमी शिकलेल्या ऑपरेटरकडून रोजचं लॉगबुक खरं लिहून घेणं.

बघा, या यादीत केमिकल हा शब्दच नाही. इथून पुढचा रस्ता उघडतो.

मागणी सोबत येते की नाही, याच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी सक्तीची. समोरच्या उद्योगाला हे काम कायद्याने, मशीनने किंवा ग्राहकाने करायला लावलंय का? "केलं तर बरं" असं काम असेल तर मंदीत सगळ्यात आधी तेच बंद होतं.

दुसरी कसोटी पैशाची. या कामासाठी आज कोणी तरी पैसे मोजतोय का, आणि दर महिन्याला मोजतोय का? एकदाच मिळणाऱ्या कामावर घराचा हप्ता भरता येत नाही.

तिसरी कसोटी अंतराची. नव्या ठिकाणी मला जे येत नाही, ते शिकायला काही आठवडे लागतील की काही वर्षं? इथे एक साधा नियम पाळा: काम आणि ग्राहक, दोन्ही एकाच वेळी बदलू नका. एक बदला, एक जुनं ठेवा.

आता साहेबांसमोरचे पर्याय यावर घासून बघू.

स्वतःचं रिसॉर्ट: काम नवीन, ग्राहकही नवीन. तिसऱ्या कसोटीवरच बाद.

एमआयडीसीतल्या कारखान्यांना केमिकल विकणं: ओळखी आहेत, म्हणून हा मोह सगळ्यांना होतो. पण साहेब आजवर खरेदीच्या बाजूला बसले. उधारी देणं आणि वसूल करणं हा वेगळाच धंदा आहे. शिवाय हा सेक्टर बदल नव्हेच, कारण केमिकलला मंदी आली तर पगारही जाईल आणि धंदाही. लोटे परशुरामला जाऊनही हेच होईल, तिथेही केमिकलच आहे.

रत्नागिरीकडचे आंब्याचा पल्प करणारे कारखाने: बॉयलर, बॅच रेकॉर्ड, सांडपाणी, सगळं जुळतं. सक्तीही आहे. पण अन्नसुरक्षेचे नियम नव्याने शिकावे लागतील आणि मुख्य हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्या महिन्यांचा. पर्याय चांगला, पण एकट्यावर घर चालणार नाही.

हॉटेलं, रिसॉर्ट आणि मोठ्या गृहसंकुलांचे एसटीपी: सांडपाण्याचं काम तेच, ग्राहक नवीन. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तिथल्या हॉटेलवाल्याला सांडपाण्याकडे डोळेझाक परवडत नाही. पनवेल-खारघरकडे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि एसटीपी चालता ठेवणं हा अशा संकुलाच्या कायमच्या जबाबदारीचा भाग असतो. म्हणजे सक्ती आहे आणि खर्च दर महिन्याचा आहे.

"पाणी ते पाणीच" असं समजू नका

इथे बरेच अनुभवी लोक आपटतात. तिसरी कसोटी नीट वापरायची तर काय सारखं आणि काय वेगळं, हे तपशिलात लिहावं लागतं.

सारखं काय? हवा देणारा ब्लोअर, डोसिंग पंप, जिवाणूंनी पाणी साफ करण्याची पद्धत आणि गाळ काढणं. एक लिटरच्या मोजपात्रात एअरेशन टाकीतलं पाणी घ्यायचं, ३० मिनिटं हलवायचं नाही आणि खाली किती गाळ बसला ते वाचायचं, ही चाचणी साहेब झोपेतही करतील. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण २ मिलिग्रॅम हवा, हे त्यांना पाठ आहे.

वेगळं काय? केमिकलच्या ईटीपीत पाणी जहाल, पण प्रवाह बराचसा ठरलेला. रिसॉर्टमध्ये पाणी सौम्य, पण प्रवाहाचा भरवसा नाही. हिशोब करू. ४० खोल्या, ८० खाटा, दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरलं तर १४,४०० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर साधारण ११,५०० लिटर. हे भरलेल्या शनिवारचं. मंगळवारी ४ खोल्या लागल्या तर तेच १,१५० लिटर. म्हणजे एकाच आठवड्यात १० पटींचा फरक. मंगळवारी जिवाणूंची उपासमार, शनिवारी अपचन. त्यात स्वयंपाकघरातलं तेल आणि लाँड्रीचा साबण.

दोष ओळखायचा कसा? टाकी काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय. बऱ्याचदा वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवलेला असतो. पांढरा फेस दाटला तर एक तर साबण जास्त, नाही तर गाळ अजून कोवळा. पृष्ठभागावर तेलाचा तवंग दिसला तर ऑइल अँड ग्रीस ट्रॅप कित्येक दिवस कोणी उपसलेला नाही. हे शिकायला वर्षं लागत नाहीत. १९ वर्षं ईटीपीवर उभ्या राहिलेल्या माणसाला काही शनिवार-रविवार पुरतात.

कागदावरची मागणी दारात जाऊन तपासा

साहेबांनी आधी नेमणूकपत्र काढून वाचलं. बाहेर काम करण्यावर बंदी होती, म्हणून पैसे न घेता फक्त चौकशी करायचं ठरलं. तीन सुट्ट्यांत आंबेनळी घाट चढून ते ११ ठिकाणी गेले. विकायला काही नेलं नाही. चारच प्रश्न विचारले: एसटीपी आहे का? कोण बघतं? शेवटचा त्रास कधी झाला? त्यासाठी किती पैसे गेले?

चार ठिकाणी फक्त सेप्टिक टँक निघाला, म्हणजे ग्राहक नाही. तिघांचा प्लांट बसवणाऱ्या कंपनीशीच वार्षिक करार होता. उरलेल्या चौघांकडे प्लांट होता आणि त्रासही होता. चालवणारा माणूस माळीकाम करता करता बटण दाबत होता. त्या चारपैकी दोघे म्हणाले, "महिन्याला येऊन बघाल का? किती घ्याल?"

११ पैकी २. हा आकडा छोटा वाटेल, पण समोरच्याने स्वतःहून दर विचारणं ही मागणीची खूण. "कल्पना छान आहे हो" ही खूण नाही.

मग गणित मांडलं. साहेबांच्या अंदाजाने एका ठिकाणी महिन्याला दोन फेऱ्या, लॉगबुक तपासणी आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण मिळून ७,००० रुपये. ६ ग्राहक म्हणजे ४२,०००. गाडी आणि किरकोळ खर्च ७,००० धरला तर उरले ३५,०००. सध्याचा पगार ७२,०००. म्हणजे ६ ग्राहकांवर राजीनामा नाही. १२ ग्राहक झाले तर ८४,००० येतील, १४,००० खर्च जाऊन ७०,००० हातात. सुरुवातीला बायकोच्या नावाने दुकान काढून गुपचूप काम घ्यायचा सल्ला त्यांना कोणी तरी दिला होता. मी म्हटलं, नको. कंपनीकडे लेखी परवानगी मागा. केमिकलशी स्पर्धा नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. परवानगी मिळाली नाही तर ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबा.

मर्यादा कुठे आहेत?

पहिली मर्यादा सहीची. पाण्याचा अधिकृत अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच लागतो. तुम्ही प्लांट सुधारू शकता, प्रमाणपत्र देऊ शकत नाही. ग्राहकाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरी मर्यादा रस्त्याची. जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही दरडींनी बंद पडला. सेक्टर बदलला, पण सगळे ग्राहक एकाच घाटाच्या वर ठेवले, तर धोका बदललाच नाही. म्हणून साहेबांनी १२ पैकी निदान ४ ग्राहक हायवेवर, पनवेलच्या दिशेने शोधायचे ठरवलेत.

आता तुमची पाळी. आज रात्री एक कागद घ्या. वर्षभरात मालकाने तुम्हाला घाबरून शोधलं, असे तीन प्रसंग लिहा. प्रत्येकासमोर, हीच भीती आणखी कोणत्या दोन धंद्यांना असते, ते लिहा. मग येत्या रविवारी त्यातल्या एका दारात जाऊन ते चार प्रश्न विचारा.

साहेबांचा परवा पुन्हा फोन आला होता. परवानगीचा अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतायत. वडिलांची जागा तशीच आहे. रिसॉर्टचं नाव काढलं नाही.