आठ माश्यांनी सांगितलेला क्रम

एकाच गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुकं बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. अंतर वाढलं की मधे तुकड्यांची अदलाबदल होण्याची शक्यता वाढते. न्यूयॉर्कमध्ये टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने याच शक्यतेला अंतर मानलं आणि 1913 साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा छापला.

पाठ्यपुस्तकांतलं एक गाजलेलं उदाहरण पाहू. गुण तीन: शेंदरी डोळे, कातरलेले पंख आणि पंखांत आडवी शीर नसणं. संकरित माद्यांची 1448 पिल्लं मोजली. बहुतेकांत मूळ आईवडिलांच्याच जोड्या दिसल्या: 580 जणांचे फक्त डोळे शेंदरी, तर 592 जणांत उरलेले दोन्ही दोष.

खरी गंमत सर्वांत दुर्मिळ गटांत आहे. शेंदरी डोळे आणि कातरलेले पंख असलेल्या फक्त 3, नुसती शीर नसलेल्या 5. मूळ जोड्यांशी ताडून पाहिलं, तर इथे फक्त कातरलेल्या पंखांच्या जनुकाने बाजू बदललेली दिसते. दोन्हीकडे अदलाबदल झाली तरच असं घडतं, म्हणून ते जनुक मधलं.

मग अंतरं. डोळे आणि कातरलेले पंख यांच्यात 191 अदलाबदली, म्हणजे 13.2 टक्के, पंख आणि शीर यांच्यात 93, म्हणजे 6.4. बेरीज 19.6. पण फक्त टोकाची दोन जनुकं पाहिली, तर 18.5 टक्केच मिळतात, कारण दुहेरी अदलाबदलीनंतर टोकं पूर्ववत जुळतात आणि त्या 8 माश्या मोजणीतून निसटतात.

योगायोगाने अशा सुमारे 12 माश्या मिळायला हव्या होत्या. एक अदलाबदल जवळची दुसरी रोखते.