फोटोतल्या केळ्याची जात कशी ओळखायची?

केळीच्या घडाचा फोटो समोर आला की नजर आधी सालीच्या रंगावर जाते, मग केळ्याच्या लांबीवर. घड दांड्यावर कसा बसला आहे, केळ्याचं टोक कसं आहे, देठ किती लांब आहे, याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. जात ओळखायची असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. रंग आणि लांबी या दोन्ही गोष्टी हवामान, पाणी, पिकवण्याची पद्धत आणि कॅमेरा यांच्या प्रभावाखाली सहज बदलतात. घडाची ठेवण आणि टोकाचा आकार त्या मानाने जातीला धरून राहतात.

नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये केळींचं मूळ शोधण्याची एक पद्धत मांडली. आज खाल्ली जाणारी बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून आली आहेत. एखाद्या केळीत कोणत्या रानटी जातीचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी त्यांनी १५ लक्षणं निवडली आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले. खोडाचा रंग, पानाच्या देठाची पन्हळ, फळाचा देठ, केळफुलाच्या पाकळीसारख्या आवरणाचा आकार आणि ते उघडल्यावर मागे वळतं की नाही, अशी ती लक्षणं आहेत. पिकलेल्या केळ्याचा रंग आणि लांबी या यादीत नाहीत. बाजारातली जात ओळखणं हे मूळ शोधण्यापेक्षा वेगळं काम आहे, तरी कशावर भरवसा ठेवायचा याची दिशा या यादीतून मिळते.

महाराष्ट्राच्या बाजारात दिसणाऱ्या केळींपासून सुरुवात करू. जळगाव, रावेर, यावल या पट्ट्यातून येणारं लांब, गुळगुळीत, पिवळं केळं हे कॅव्हेंडिश गटातलं. पूर्वी या भागात बसराईचं राज्य होतं. आता ऊतिसंवर्धित रोपांमुळे ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातली ‘जी-नाईन’, सगळीकडे पसरली आहे. वसई आणि कोकणाकडे राजेळी, तर मुंबई-पुण्याच्या हातगाड्यांवर छोटी सफेद वेलची दिसते. कधीमधी लाल केळंही असतं. ही पाचही केळी फोटोतून ओळखायला सारखी सोपी नाहीत.

सगळ्यात सोपी राजेळी. समजा, वसईच्या एखाद्या घराच्या पडवीत दोरीला टांगलेल्या घडाचा फोटो आहे. घडात जेमतेम पाच-सहा फण्या आहेत आणि दोन फण्यांमधून मागची भिंत दिसते. एका फणीत मोजकीच केळी आहेत, पण प्रत्येक केळं लांब, जाड सालीचं आणि अंगावर ठसठशीत धारा असलेलं. केळं पिकून पिवळं झालं आहे, तरी धारा पुसल्या गेलेल्या नाहीत. फळ फणीला जिथे जोडलं जातं तिथली मान लांब आहे. एवढ्यावर राजेळी म्हणायला हरकत नाही. केरळात नेंद्रन म्हणून प्रसिद्ध असलेली केळी हीच. वसईची सुकेळी याच केळ्यांची करतात.

इथे एक शंका रास्त आहे. निर्यातीसाठी वाढवलेल्या ग्रँड नैनच्या घडातही शेतकरी खालच्या फण्या काढून टाकतात, म्हणजे उरलेल्या फण्यांना पुरेसं पोषण मिळतं. मग कमी फण्या दिसल्या म्हणून ती राजेळी कशी? उत्तर दांड्यावर मिळतं. फण्या काढल्या असतील तर शेवटच्या फणीखाली कापल्याच्या खुणा राहतात. शिवाय ग्रँड नैनचं केळं भरत आलं की धारा बोथट होऊन ते गोलसर होतं. राजेळीचं तसं होत नाही. मात्र घड कोवळा असताना कोणतंही केळं धारदार दिसतं. म्हणून धारा बघण्याआधी घड किती भरला आहे, हे बघावं लागतं.

वेलचीच्या बाबतीत लांबी फसवते. ही केळी साधारण ८ ते १२ सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी. पण कॅव्हेंडिशच्या घडातही सगळ्यात खालच्या फणीची केळी वरच्या फण्यांपेक्षा बरीच आखूड असतात आणि हिवाळ्यात वाढलेला घड एकंदरच बारका राहतो. शेजारी हात, नाणं किंवा पान नसेल तर फोटोतलं केळं नेमकं केवढं आहे, हे सांगताच येत नाही. अशा वेळी आकार बघावा. वेलचीचं केळं टोकाकडे निमुळतं होत जातं आणि तिथे चोचीसारखा भाग दिसतो. साल कागदासारखी पातळ. कॅव्हेंडिशचं आखूड केळंही कमानदार वळलेलं आणि टोकाला बोथट असतं. अख्खा घड फोटोत असेल तर काम आणखी सोपं होतं. वेलचीची फळं इतकी दाटीवाटीने बसलेली असतात की जोराच्या वाऱ्याने सगळी एका बाजूला झुकवल्यासारखी वाटतात. ही ठेवण एकदा पाहिली की विसरत नाही.

लाल वेलचीच्या नावामुळे बराच घोळ होतो. हे केळं पिकल्यावर पिवळंच असतं. नावातली लाली पानाच्या मधल्या शिरेवर शोधायची, फळावर नाही. खरोखर लाल सालीचं केळं ही निराळीच जात. ते आखूड, जाडजूड, टोकाला गोलसर असतं. कच्चं असताना साल जांभळट लाल दिसते आणि पिकताना तिच्यात नारिंगी छटा येते. झाडाचं खोड आणि पानांचे देठही तांबूस असतात, त्यामुळे बागेतल्या फोटोत शंका राहत नाही.

निदान तसं वाटतं खरं. पण लाल केळीला एक खोड आहे. तिच्या बेटातून कधीकधी असा पिल निघतो, ज्याच्यातला लाल रंगच नाहीसा झालेला असतो. त्याला हिरवा घड लागतो आणि केळी पिवळी पिकतात. जाडी, लांबी, टोक, फण्यांची रचना सगळं लाल केळीसारखंच, फरक फक्त रंगाचा. अशा घडाचा फोटो पाहून नुसत्या रंगावर निवाडा देणारा माणूस नक्की चुकतो. आकार बघणारा मात्र निदान थबकतो आणि झाडाचा फोटो मागतो.

कॅव्हेंडिशच्या रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ही केळी २५ अंशांच्या वर, उघड्यावर पिकली तर आतून मऊ आणि गोड होतात, पण सालीतलं हरितद्रव्य पुरतं जात नाही. साल हिरवटच राहते. तीच केळी रायपनिंग चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांच्या आसपास इथिलीन देऊन पिकवली की एकसारखी पिवळीधमक होतात. म्हणजे एकाच बागेतल्या एकाच घडाच्या दोन फण्या दोन रंगांच्या दिसू शकतात. हिरवट फणी पाहून ‘ही वेगळी जात’ म्हणणं चूक, आणि पिवळाधमक रंग पाहून ‘चांगल्या जातीचं केळं’ म्हणणंही चूक. त्यात विक्रेत्याच्या पिवळ्या दिव्याची, हिरव्या शेडनेटची किंवा घडावर चढवलेल्या निळ्या पिशवीची छटा फोटोत मिसळते. शेजारी पांढरा कागद असेल तर तो फोटोत पांढरा दिसतो का, हे आधी तपासावं. कागदच पिवळा दिसत असेल तर सालीच्या रंगावर काही बोलूच नये.

आता सगळ्यात अवघड जोडी, बसराई आणि ग्रँड नैन. कॅव्हेंडिश गटातल्या जाती एकमेकींपासून नैसर्गिक बदलाने वेगळ्या झाल्या आहेत आणि त्यांच्यातला मोठा फरक झाडाच्या उंचीत आहे. बसराई ठेंगणी, साधारण दीड ते दोन मीटरची. तिची पानं आखूड आणि रुंद असतात आणि त्यांचे देठ शेंड्याला एकमेकांवर दाटलेले दिसतात. ग्रँड नैन तिच्याहून उंच. घड पाहिला तर बसराईच्या फण्या जवळजवळ चिकटलेल्या आणि घड खाली निमुळता होत गेलेला, तर ग्रँड नैनच्या फण्या जरा सुट्या, केळी कमी वळलेली आणि घड वरपासून खालपर्यंत नळकांड्यासारखा एकसारखा.

आणखी एक खूण फळांच्या खाली असते. बसराईत शेवटच्या फणीपासून केळफुलापर्यंतच्या दांड्यावर वाळलेली फुलं आणि आवरणं गळून न पडता तशीच चिकटून राहतात, त्यामुळे दांडा झालर लावल्यासारखा दिसतो. पण फण्या निसवून झाल्या की शेतकरी केळफूल कापून टाकतात. चांगल्या निगराणीच्या बागेतल्या फोटोत ही खूण बहुधा सापडत नाही. घरामागच्या परसात वाढलेल्या केळीचा फोटो या बाबतीत जास्त बोलका ठरतो.

घडाचा आकार बघतानाही कॅमेरा खोटं बोलू शकतो. मोबाइल घडाच्या अगदी जवळ नेऊन वरून फोटो काढला, तर जवळची फणी मोठी आणि लांबची लहान दिसते. नळकांड्यासारखा घड त्यामुळे निमुळता वाटतो आणि ग्रँड नैनची बसराई होऊन बसते. थंडीनेही असाच गोंधळ होतो. कडाक्याच्या थंडीत बसराईचा घड कधीकधी खोडाच्या घशातच अडकतो, पूर्ण बाहेर येत नाही, आणि फण्या वेड्यावाकड्या होतात. तो आकार जातीचा नाही, हवामानाचा आहे. म्हणून फोटो कोणत्या महिन्यातला, हे विचारून घ्यायला हवं.

खोक्यातली सुटी फणी किंवा दुकानातली अर्धा डझन केळी एवढंच फोटोत असेल, तर ‘कॅव्हेंडिश गटातलं केळं’ यापुढे जाऊ नये. त्यातून बसराई की ग्रँड नैन असा ठाम निर्णय देणारा अंदाजच बांधत असतो. राजेळी, वेलची किंवा लाल केळ्याच्या बाबतीत मात्र एक चांगली फणीही बऱ्याचदा पुरते.

ज्यांना आपल्या परसातल्या केळीचं नाव जाणकाराकडून हवं आहे, त्यांनी एका फोटोवर थांबू नये. घड दोन-तीन मीटर अंतरावरून, त्याच्या मध्याच्या उंचीवर मोबाइल धरून, सावलीत किंवा ढगाळ उजेडात टिपावा. मधल्या फणीतलं एक केळं पट्टीशेजारी ठेवून त्याचं टोक आणि देठ दोन्ही दिसतील असा दुसरा फोटो काढावा. तिसरा फोटो केळफुलाचा आणि त्याच्या वरच्या दांड्याचा असावा, तोही केळफूल कापण्याआधी. चौथ्यात माणूस शेजारी उभा करून अख्खं झाड यावं. घड निसवला तो महिना आणि गावाचं नाव सोबत लिहून पाठवावं.