सामू सात नाही, तरीही बफर

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बफर शिकवला, की अनेकांच्या डोक्यात एक समीकरण बसते : बफरमध्ये आम्लही असते आणि आम्लारीही, म्हणजे दोघे एकमेकांना मारून टाकत असणार आणि सामू सात होत असणार. हे समीकरण चूक आहे. प्रयोगशाळेतला साधा ॲसिटेट बफर घ्या. त्याचा सामू ४.७६, म्हणजे तो चांगलाच आम्लधर्मी. उलट शुद्ध पाण्याचा सामू सात. पाणी उदासीन आहे, पण बफर नाही.

फरक कळतो तो बाहेरून आम्ल घातल्यावर. १०० मिलिलिटर पाण्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त १ मिलिलिटर घाला. सामू सातावरून थेट दोनवर कोसळतो, कारण आलेले हायड्रोजन आयन पकडून ठेवणारे पाण्यात पुरेसे काही नसते. तेवढेच आम्ल १०० मिलिलिटर बफरमध्ये घातले, तर सामू ४.७६ वरून ४.६७ होतो.

हे कसे घडते? या बफरमध्ये १० मिलिमोल ॲसिटिक आम्ल आणि १० मिलिमोल ॲसिटेट आहे. ही दोघे एकमेकांना संपवत नाहीत. ॲसिटिक आम्लाने आपला हायड्रोजन आयन ॲसिटेटला दिला, तर देणाऱ्याचे ॲसिटेट होते आणि घेणाऱ्याचे आम्ल. हिशेब जिथल्या तिथेच. आपण घातलेला १ मिलिमोल हायड्रोजन आयन मात्र ॲसिटेट उचलते. आता ॲसिटेट ९ आणि आम्ल ११ उरते. सामू ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर. गुणोत्तर १ वरून ०.८२ वर आले, पण त्याचा लॉगॅरिदम जेमतेम ०.०९ ने घसरला. सामू तेवढाच उतरला. कॉस्टिक सोडा घातला, तर ॲसिटिक आम्ल पुढे होते आणि सामू तितकाच वर सरकतो.

म्हणजे सामू बदलतो, पण थोडा. ‘बफरचा सामू बदलत नाही’ असे उत्तरपत्रिकेत लिहू नका.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ एकत्र केले, तर अशी जोडी का जमत नाही? कारण ते आम्ल तीव्र आहे. पाण्यात क्लोराइड हायड्रोजन आयन परत घेतच नाही. देणाराही हवा आणि घेणाराही, म्हणून दुर्बल आम्लच लागते.

या क्षमतेला मर्यादाही आहे. तेच हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर घातले, की सगळे ॲसिटेट खर्च होते आणि सामू तीनच्याही खाली जातो. दहापट पातळ केलेला बफर तर जास्त फसवा असतो. मीटरवर सामू जवळपास तोच दिसतो, पण साठा दहावा हिस्साच असल्यामुळे १ मिलिलिटर आम्लातच त्याचा निकाल लागतो.

म्हणून बाटलीतले द्रावण बफर आहे का, हे सामूच्या एका आकड्यावरून ठरवू नका. थोडे आम्ल घाला, मग पुन्हा सामू मोजा.