हरवलेल्या डीडीला ‘स्टॉप पेमेंट’ नसतं

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही बँकेच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: ‘डीडी पोस्टात हरवला, लगेच स्टॉप पेमेंट करा.’ आतून ‘होत नाही’ असं उत्तर आलं की भांडण पेटतं. कर्मचाऱ्याचं म्हणणं बरोबर असतं, पण तो पुढचं काही सांगत नाही आणि ग्राहक पैसे बुडाले असं समजून घरी जातो. गैरसमज दोन्हीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर.

चेक म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेला आदेश. तो वटेपर्यंत तुम्ही मागे घेऊ शकता. डीडीचं तसं नाही. तुमचे पैसे खात्यातून आधीच गेलेले असतात आणि ज्याच्या नावाने डीडी आहे त्याला रक्कम देण्याचं वचन बँकेने स्वतः दिलेलं असतं. म्हणूनच कॉलेजं आणि सरकारी कार्यालयं चेक नाकारून डीडी मागतात. खरेदीदाराच्या एका फोनवर बँक तो थांबवू लागली, तर डीडीला अर्थ काय उरला? बँक हरवल्याची नोंद करते आणि तो क्रमांक वटायला आला तर सावध राहते, पण हे स्टॉप पेमेंट नव्हे.

मात्र पैसे बुडत नाहीत. समजा, बोरिवलीहून पुण्याच्या एका संस्थेला 4,500 रुपयांचा डीडी स्पीड पोस्टाने पाठवला आणि पाकीट पोहोचलंच नाही. खरेदीदाराने डीडी काढलेल्या शाखेत लेखी अर्ज द्यायचा: डीडी क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे आणि कुठे देय, सोबत पोस्टाची पावती. संस्थेकडून ‘मिळाला नाही’ असं पत्र किंवा ईमेल मिळाला तर उत्तम. मग इन्डेम्निटी बाँड द्यावा लागतो. मूळ डीडी पुढे वटलाच तर नुकसान मी भरून देईन, अशी ही हमी. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेवरील नियमांनुसार 5,000 रुपयांपर्यंतच्या डीडीची डुप्लिकेट प्रत पुरेशा हमीवर मिळू शकते. ज्या शाखेवर डीडी आहे तिच्याकडून ‘वटला नाही’ असा निरोप येईपर्यंत थांबवून ठेवण्याची गरज नाही. रक्कम मोठी असेल तर बँक ती खातरजमा करते, जामीनदारही मागू शकते.

त्याच नियमांत डुप्लिकेट देण्याची मुदत आहे: अर्ज मिळाल्यापासून पंधरवडा. उशीर झाला तर तेवढ्या काळासाठी मुदत ठेवीच्या दराने व्याज. दर 6 टक्के धरला तर आपल्या 4,500 रुपयांवर महिन्याच्या उशिराचे साडेबावीस रुपये होतात. रक्कम किरकोळ आहे, पण पंधरवडा मोजायचा तर अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का हवाच. नेमका तोच लोक घेत नाहीत आणि मग ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे ऐकून घेतात. फी भरायची तारीख तोंडावर असेल, तर डुप्लिकेटची वाट पाहू नये. नवा डीडी काढून पाठवावा आणि जुना रद्द करून पैसे परत मागावेत. त्यासाठीही हमी लागतेच. जुनं पाकीट नंतर सापडलं, तर डीडी शाखेत जमा करावा. तो वटवला तर हमीपत्रावर सही करणारा अडकतो.

‘तीन महिने उलटले, डीडी गेला.’ नाही. वटण्याची मुदत संपते, रक्कम बँकेकडेच असते. डीडी काढलेल्या शाखेत खरेदीदाराने अर्ज करावा.

चेक हरवला तर स्टॉप पेमेंट होतं, पण ते चेक लिहिणाऱ्यानेच करायचं. सोसायटीच्या खजिनदाराने मेंटेनन्सचे हरवलेले चेक ‘थांबवा’ म्हणून आपल्या बँकेत जाऊन काही होत नाही. प्रत्येक सभासदाने आपापल्या बँकेला कळवायला हवं. ‘उद्या करू’ हेही आता धोक्याचं आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग दिवसभर सुरू असतं आणि सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. अ‍ॅपमधून स्टॉप पेमेंट करताना चेक क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर भलताच चेक अडतो आणि हरवलेला मोकळा राहतो.

‘स्टॉप पेमेंट केलं की कलम 138 लागत नाही.’ साफ चूक. मोदी सिमेंट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलं की अशा सूचनेमुळे परत गेलेल्या चेकवरही खटला होऊ शकतो. खात्यात पैसे होते आणि थांबवण्याला खरं कारण होतं, हे चेक लिहिणाऱ्याने दाखवायचं. म्हणून ज्याला चेक पाठवला होता त्याला त्याच दिवशी लेखी कळवावं आणि नवा चेक द्यावा.

‘ड्रॉपबॉक्समध्येच टाका, काउंटरवर पोच मिळत नाही.’ मिळते. चेक काउंटरवर दिला तर पोच नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं आहे. आणि चेक क्लिअरिंगच्या वाटेत किंवा बँकेच्या हातून हरवला, तर ग्राहकाला ताबडतोब कळवणं आणि नवा चेक मिळवण्याचा खर्च भरून देणं ही बँकेची जबाबदारी आहे. त्या वेळी चेक बँकेला दिल्याचा पुरावा म्हणून हीच पोच दाखवायची असते.